शिक्षेचे निर्धारण (भारतीय फौजदारी कायदा)

शिक्षेचे निर्धारण म्हणजे आरोपी दोषी ठरल्यानंतर त्याला कोणती व किती शिक्षा द्यावी हे न्यायालयाने ठरवण्याची प्रक्रिया होय. बहुतेक गुन्ह्यांसाठी भारतीय कायदा शिक्षेची केवळ कमाल मर्यादा सांगतो. शून्यापासून त्या मर्यादेपर्यंतच्या अंतरात योग्य जागा शोधण्याचे काम न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेले असते. हा विवेक वापरताना गुन्ह्याचे स्वरूप व त्यामुळे झालेली हानी, दोषीचे वय, त्याचा गुन्हेगारी पूर्वेतिहास आणि त्याला झालेला पश्चात्ताप हे चार घटक प्रामुख्याने विचारात घेतले जातात. या घटकांची यादी किंवा त्यांचे परस्परांतील वजन कोणत्याही एका कलमात दिलेले नाही. ते काही विखुरलेल्या तरतुदींतून आणि न्यायनिर्णयांतून घडत आले आहे. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या काही प्रकरणांचा त्यात मोठा वाटा आहे.

## प्रक्रिया

भारतात खटल्याचे दोन टप्पे मानले जातात. पहिल्या टप्प्यात आरोपीने गुन्हा केला की नाही, एवढाच प्रश्न असतो. त्याचे उत्तर होकारार्थी आले की दुसरा टप्पा सुरू होतो आणि न्यायाधीशाला शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे लागते. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मध्ये ही तरतूद सत्र खटल्यांसाठी कलम २३५(२) मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम २५८(२) मध्ये आहे.

या सुनावणीत बचाव पक्षाला दोषीचे वय, शिक्षण, कुटुंबाची स्थिती, व्यवसाय, आजार, तुरुंगातील वर्तन अशा गोष्टी कागदपत्रांसह मांडता येतात. सरकारी अभियोक्ता शिक्षा वाढवणाऱ्या बाबी मांडतो. पहिल्या प्रकारच्या बाबींना सौम्यकारी परिस्थिती आणि दुसऱ्या प्रकारच्या बाबींना गुरुत्वकारी परिस्थिती असे म्हटले जाते.

न्यायाधीशाचा विवेक दोन बाजूंनी बांधलेला असतो. कायद्याने किमान शिक्षा ठरवलेली असेल तर कितीही सौम्यकारी परिस्थिती असली तरी, कायद्यानेच तशी मुभा दिलेली नसल्यास, त्याखाली जाता येत नाही. दुसरे बंधन न्यायालयाच्या दर्जाचे असते. वैजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला नव्या संहितेनुसार जास्तीत जास्त तीन वर्षे कारावास, पन्नास हजार रुपये दंड किंवा समाजसेवेची शिक्षा देता येते. त्याहून गंभीर गुन्हे सत्र न्यायालयाकडे जातात आणि तेथील निर्णयावरील अपील मराठवाड्यापुरते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे चालते.

## हानी आणि मानसिक अवस्था

शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी हे निर्धारणाचे मूळ तत्त्व आहे. हे प्रमाण केवळ परिणामावरून मोजले जात नाही. किती नुकसान झाले याबरोबरच ते घडवताना दोषीच्या मनात काय होते हेही पाहिले जाते. परिणाम सारखाच, म्हणजे एका माणसाचा मृत्यू, असला तरी पूर्वनियोजित खून, अचानक भांडणातील घाव आणि हयगयीने झालेला अपघात यांच्या शिक्षा वेगळ्या असतात. म्हणूनच शिक्षेचा निम्मा प्रश्न कोणते कलम सिद्ध झाले यावरच ठरून जातो.

'अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (२०१३) या प्रकरणात हा फरक स्पष्ट दिसतो. रात्रीच्या वेळी शेतात राखणीला असलेल्या दांपत्याचा कुत्रा वाटेने जाणाऱ्यांवर भुंकला. त्यांच्यापैकी एकाने हातातील लोखंडी पाइप कुत्र्याला मारला. शेतकऱ्याने हरकत घेतली, शब्दाला शब्द वाढला आणि तोच पाइप शेतकऱ्याच्या डोक्यात बसून पुढे त्याचा मृत्यू झाला. खालच्या न्यायालयांनी हा खून मानला होता. आधी ठरवून केलेले काही नव्हते, भांडण अचानक उद्भवले आणि आरोपीने क्रूरपणे गैरफायदा घेतला नाही, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा सदोष मनुष्यवधाच्या सौम्य प्रकारात बसवला व शिक्षा पाच वर्षांच्या सश्रम कारावासावर आणली.

याच निकालात न्यायालयाने आणखी एक मुद्दा ठामपणे मांडला. शिक्षा ठरवताना पीडिताला नुकसानभरपाई द्यावी की नाही, याचा विचार करणे न्यायालयाच्या मर्जीवर नसून ते त्याचे कर्तव्य आहे. भरपाई द्यायची नसेल तरी विचार केल्याचे आणि त्यामागील कारणांचे प्रतिबिंब निकालपत्रात दिसले पाहिजे. हा निकाल सर्व उच्च न्यायालयांकडे पाठवून फौजदारी खटले चालवणाऱ्या न्यायाधीशांच्या निदर्शनास आणण्याचा आदेशही देण्यात आला.

## कार्टर रोड प्रकरण

चारही घटक एकाच वेळी परस्परांविरुद्ध उभे राहिले म्हणजे काय होते, याचे उदाहरण म्हणून 'अ‍ॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणाचा उल्लेख केला जातो.

१२ नोव्हेंबर २००६ रोजी पहाटे चारच्या सुमारास मुंबईत वांद्रे (पश्चिम) येथील कार्टर रोडवर एक मोटार भरधाव वेगाने पदपथावर चढली. रस्त्याच्या कामावरील मजूर तेथे झोपले होते. सात जण मरण पावले व आठ जण जखमी झाले. चालक विशीतील तरुण होता. त्याच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला.

सत्र न्यायालयाने हे कृत्य निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू (भारतीय दंड संहिता, कलम ३०४-अ) मानले. त्या कलमाची कमाल शिक्षाच दोन वर्षे होती. न्यायालयाने सहा महिन्यांचा कारावास व पाच लाख रुपये दंड दिला. राज्य सरकारने उच्च न्यायालयात अपील केले. मद्य पिऊन, माणसे झोपलेली असू शकतात अशा रस्त्यावर बेफाम गाडी चालवणाऱ्याला मृत्यूच्या शक्यतेची जाणीव असतेच, या आधारावर उच्च न्यायालयाने २००७ मध्ये सदोष मनुष्यवधाचे कलम ३०४ (भाग दोन) लागू केले. या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. उच्च न्यायालयाने तीन वर्षांचा सश्रम कारावास ठोठावला.

सर्वोच्च न्यायालयापुढे बचाव पक्षाची विनंती अशी होती की, दंड व भरपाईची रक्कम भरलेली आहे आणि दोन महिन्यांचा कारावास भोगून झाला आहे. म्हणून भोगलेली शिक्षा पुरेशी मानावी. १२ जानेवारी २०१२ रोजी न्यायमूर्ती आर. एम. लोढा व न्यायमूर्ती जगदीश सिंग खेहर यांच्या पीठाने ही विनंती फेटाळली. भरपाई दिली गेली हे खरे असले तरी कितीही रक्कम मृतांच्या कुटुंबीयांची वेदना दूर करू शकत नाही, आणि सात मृत्यूंसाठी दोन महिने ही न्यायाची विटंबना ठरेल, असे न्यायालयाने म्हटले.

पीठाने पुढे असेही नोंदवले की तीन वर्षांची शिक्षादेखील फारच अपुरी आहे, परंतु शिक्षा वाढवण्यासाठी राज्याने अपील केलेले नसल्याने त्या प्रश्नात न्यायालय शिरत नाही. परिणामी तीन वर्षांची शिक्षा कायम राहिली.

या प्रकरणातून दोन बाबी निष्पन्न होतात. भरपाई हा सौम्यकारी घटक असला तरी तो कारावासाचा पर्याय होत नाही. कोणत्या पक्षाने अपील केले वा केले नाही, यावरही अंतिम शिक्षा अवलंबून राहते. अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपील करण्याचा अधिकार राज्याला आहे. पीडिताला निर्दोष मुक्तता, सौम्य कलमाखालील दोषसिद्धी व अपुरी भरपाई यांविरुद्ध अपील करता येते, मात्र केवळ शिक्षा कमी वाटते या कारणाने करता येत नाही.

## वय

वयाचा विचार कायद्यात दोन वेगळ्या रेषांवर केला जातो. या दोन रेषांची गल्लत ही नेहमी आढळणारी चूक आहे.

पहिली रेषा अठरा वर्षांची आहे. गुन्हा घडला *त्या दिवशी* व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर तिला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो. अशा बालकाच्या बाबतीत सर्वसाधारणपणे विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. सोळा ते अठरा वयोगटातील मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्राथमिक मूल्यांकनानंतर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो, पण फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप त्यालाही देता येत नाही. अल्पवयीनत्वाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही, उपस्थित करता येतो.

दुसरी रेषा एकवीस वर्षांची आहे. ती गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ६ मध्ये आहे. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात दोषी एकवीस वर्षांखालील असेल तर त्याला तुरुंगात पाठवणे हा नियम नसून अपवाद आहे. न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो, आणि तरीही कारावासच द्यायचा असेल तर कारणे लिहावी लागतात. येथे वय मोजण्याचा दिवस वेगळा आहे. रामजी मिसर प्रकरणात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याचा नव्हे तर शिक्षा सुनावण्याचा दिवस ग्राह्य धरला. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी गुन्हा केलेल्या तरुणाचा खटला तीन वर्षे रेंगाळला तर या कलमाचे संरक्षण त्याच्या हातून निसटते. तेव्हा कलम ४ खालील सर्वसाधारण परिवीक्षाच काय ती त्याला मागता येते.

वयाची नीट पडताळणी न झाल्यास काय होऊ शकते, हे पुण्यातील एका खटल्यात दिसून आले. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात पाच स्त्रिया व दोन मुले यांची हत्या झाली. फाशीची शिक्षा झालेल्यांपैकी एकाचे वय खटल्याच्या कागदपत्रांत विशीच्या पुढचे नोंदले गेले होते आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली होती. पुढे त्याने राजस्थानातील आपल्या शाळेच्या नोंदीचा आधार घेऊन अल्पवयीनत्वाचा अर्ज केला. न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडून चौकशी करवली. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्याच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते असे मान्य केले आणि तत्काळ सुटकेचा आदेश दिला. कायद्याने जेथे कमाल तीन वर्षे दिली असती तेथे त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

## पूर्वेतिहास

पूर्वी गुन्हा सिद्ध झालेला असल्यास शिक्षा वाढते आणि पहिलाच गुन्हा असल्यास ती कमी होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३ नुसार मालमत्तेविषयीच्या व नाण्या-नोटांविषयीच्या काही गुन्ह्यांत (तीन वर्षे वा अधिक शिक्षेच्या) पुन्हा दोषी ठरलेल्या व्यक्तीला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वेतिहासाने न्यायाधीशाचे मत आधीच कलुषित होऊ नये यासाठी प्रक्रियेत एक खबरदारी घेतलेली आहे. वाढीव शिक्षेसाठी पूर्वीची दोषसिद्धी दोषारोपात नमूद केलेली असली तरी चालू खटल्यात दोषी ठरेपर्यंत ती आरोपीला वाचून दाखवली जात नाही व तिच्याविषयी विचारलेही जात नाही.

पूर्वेतिहास म्हणजे पूर्वीची *दोषसिद्धी*. केवळ दाखल असलेले गुन्हे किंवा प्रलंबित खटले म्हणजे पूर्वेतिहास नव्हे. 'राजेंद्र प्रल्हादराव वासनिक विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या अमरावती जिल्ह्यातील बालिकेवरील अत्याचार व हत्येच्या प्रकरणात खालच्या न्यायालयाने आरोपीवरील इतर प्रलंबित खटल्यांचा आधार घेतला होता. १२ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ही चूक असल्याचे सांगितले, कारण खटला प्रलंबित असताना आरोपी निर्दोष आहे असेच गृहीत धरावे लागते. सुधारणेच्या शक्यतेचा विचार झाला नव्हता, हेही एक कारण होते. फाशीऐवजी आरोपीला उर्वरित आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा देण्यात आली. दोषसिद्धी मात्र कायम राहिली.

## पश्चात्ताप

चार घटकांपैकी पश्चात्ताप हा सर्वांत संदिग्ध आहे, कारण तो मनात असतो आणि न्यायालयाला केवळ वर्तन दिसते. त्यामुळे शिक्षेच्या सुनावणीच्या दिवशी व्यक्त केलेल्या खेदापेक्षा आधीच्या कृतींना अधिक वजन मिळते. जखमीला रुग्णालयात नेणे, स्वतःहून पोलिसांत हजर होणे, चोरीचा माल परत करणे, भरपाई देणे आणि कारावासातील दीर्घकालीन वर्तन ही त्याची ग्राह्य चिन्हे मानली जातात.

यात एक पेच आहे. जो आरोपी स्वतःला निर्दोष म्हणत अपील करणार आहे, त्याला पश्चात्ताप व्यक्त करता येत नाही, कारण तसे करणे म्हणजे गुन्हा कबूल करणे होय. म्हणून मौन किंवा गुन्हा नाकारणे हा निर्ढावलेपणाचा पुरावा मानणे धोक्याचे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' (२०२२) या निकालात फाशीच्या प्रकरणांपुरता यावर उपाय सुचवला. आरोपीचे वय, कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण, आर्थिक स्थिती, मानसिक आरोग्य व तुरुंगातील वर्तन यांची माहिती खटल्याच्या टप्प्यावरच गोळा करण्याची जबाबदारी राज्यावरही टाकण्यात आली.

कबुलीला कायद्याने निश्चित मोल दिलेला एक मार्ग म्हणजे शिक्षा-सौदा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत आरोपीला तसा अर्ज करता येतो. स्त्रियांविरुद्धचे व बालकांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. नव्या संहितेनुसार पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला किमान शिक्षा ठरलेली असल्यास तिच्या एक चतुर्थांश आणि इतर बाबतींत विहित शिक्षेच्या एक षष्ठांश इतकी शिक्षा देता येते. इतरांसाठी हे प्रमाण अनुक्रमे निम्मे व एक चतुर्थांश आहे.

## घटकांचा एकत्रित उपयोग

समजा, वैजापूर तालुक्यातील एका शेतातून विहिरीवरील मोटारीची केबल चोरीस गेली आणि वीस वर्षांचा तरुण दोषी ठरला. भारतीय न्याय संहितेनुसार पहिल्यांदा दोषी ठरलेल्यासाठी चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे.

केबलची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तो पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने केबल किंवा तिची किंमत परत केली असेल, तर कलम ३०३(२) च्या परंतुकानुसार त्याला समाजसेवेची शिक्षा होते. हानी, पूर्वेतिहास व परतफेड हे तीन घटक येथे कायद्यानेच एकत्र बांधले आहेत.

किंमत त्याहून अधिक असेल तर न्यायदंडाधिकारी परिवीक्षा अधिनियमाकडे वळतो. शिक्षा सुनावतानाही तरुण एकवीस वर्षांखालील असल्याने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला जातो. अहवाल अनुकूल असल्यास चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याची सुटका होते आणि त्यासोबत शेतकऱ्याला भरपाई देण्याचा आदेशही होऊ शकतो. अधिनियमाच्या कलम १२ नुसार अशा दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता त्याला लागत नाही. बंधपत्राचा भंग झाल्यास त्याला पुन्हा बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा दिली जाते. तोच तरुण आधी दोनदा चोरीसाठी दोषी ठरलेला असेल तर अहवाल प्रतिकूल येण्याची आणि कारणे नोंदवून कारावास दिला जाण्याची शक्यता वाढते.

## उणिवा

भारतात शिक्षेसाठी कोणतीही वैधानिक मार्गदर्शिका नाही. न्या. मलिमथ समितीने २००३ मध्ये तशी शिफारस केली होती. मार्गदर्शिकेच्या अभावी सारख्या तथ्यांवर वेगवेगळ्या न्यायालयांत भिन्न शिक्षा होतात. कार्टर रोड प्रकरणात एकाच घटनेसाठी सहा महिने व तीन वर्षे असे दोन निर्णय झाले आणि सर्वोच्च न्यायालयाला दुसराही अपुरा वाटला.

दुसरी उणीव सुनावणीच्या घाईची आहे. पुष्कळदा दोषसिद्धीच्या दिवशीच शिक्षेवर म्हणणे ऐकले जाते, त्यामुळे बचाव पक्षाला शाळेचा दाखला, वैद्यकीय कागद किंवा तुरुंग अहवाल मिळवण्यास वेळ उरत नाही. फाशीच्या प्रकरणांत ही सुनावणी कशी व केव्हा व्हावी, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

निर्धारण सदोष झाले आहे की नाही हे निकालपत्राच्या शेवटच्या भागावरून ओळखता येते. 'गुन्ह्याचे गांभीर्य पाहता' एवढ्या एका वाक्यावर शिक्षा दिलेली असणे, वयाच्या पुराव्याचा उल्लेख नसणे, प्रलंबित खटल्यांना पूर्वेतिहास म्हटलेले असणे, परिवीक्षा नाकारण्याची कारणे नसणे आणि भरपाईविषयी काहीच लिहिलेले नसणे ही त्याची ठळक चिन्हे आहेत. अशा निकालातील शिक्षा अपिलात बदलली जाऊ शकते, जरी दोषसिद्धी तशीच राहिली तरी.